ॲनिलीनच्या नायट्रेशनमध्ये ४७ टक्के मेटा येतंच कुठून?

प्रश्न: सर, बीएस्सी सेकंड इयरला आहे. NH2 हा स्ट्राँग ॲक्टिव्हेटिंग आणि ऑर्थो-पॅरा डायरेक्टिंग ग्रुप असं पाठ केलंय, पण पुस्तकात ॲनिलीनच्या नायट्रेशनला ५१% पॅरा, ४७% मेटा आणि फक्त २% ऑर्थो दिलंय. एवढं मेटा कुठून आलं? आणि क्लोरीन डिॲक्टिव्हेटिंग असून ऑर्थो-पॅरा कसा, तेही डोक्यात बसत नाही.

उत्तर:

नायट्रेशनच्या फ्लास्कमध्ये ॲनिलीन ॲनिलीन म्हणून राहतच नाही, सगळी गोम तिथे आहे. नायट्रेशनला आपण कन्सन्ट्रेटेड नायट्रिक आणि कन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक वापरतो आणि ॲनिलीन हा बेस आहे, त्याच्या ॲनिलिनियम आयनचा पीकेए साधारण ४.६ आहे, म्हणजे साध्या पातळ ॲसिडमध्येसुद्धा त्याला प्रोटॉन लागतो, मग मिक्स्ड ॲसिडमध्ये काय होणार सांगायला नको. नायट्रोनियम आयन NO2+ रिंगजवळ पोचायच्या आधीच NH2 चा NH3+ झालेला असतो. तू वहीत NH2 काढून बाण काढत बसतोयस आणि फ्लास्कमध्ये रिंगला लटकलेला ग्रुप वेगळाच आहे. NH2 ला लोन पेअर होती, ती रिंगमध्ये सरकायची म्हणून तो ॲक्टिव्हेटिंग. NH3+ ची लोन पेअर प्रोटॉनने खाल्ली, वर त्याच्यावर पूर्ण पॉझिटिव्ह चार्ज आला, म्हणजे आता तो रिंगमधले इलेक्ट्रॉन ओढणारा ग्रुप झाला, आणि तोही चांगलाच जोरात ओढणारा.

आता मेटाच का, ते बघू. त्यासाठी प्रॉडक्ट नाही, मधला आयन काढायचा, एरेनियम आयन, ज्याला आपल्याकडे सगळे सिग्मा कॉम्प्लेक्स म्हणतात. NO2+ पॅराला चिकटला की रिंगवरचा पॉझिटिव्ह चार्ज तीन कार्बनवर फिरतो आणि त्यातला एक नेमका NH3+ ज्याला जोडलाय तो कार्बन असतो. म्हणजे पॉझिटिव्हच्या शेजारी पॉझिटिव्ह, याच्याइतकी वाईट मांडणी नाही. ऑर्थोला चिकटला तरी तेच. मेटाला चिकटला तर चार्ज ज्या तीन कार्बनवर फिरतो त्यात NH3+ चा कार्बन येतच नाही. म्हणून मेटा बरा. इथे नीट वाच, मेटा "चांगला" नाहीये, मेटाला त्यातल्या त्यात कमी फटका बसतो एवढंच. मेटा कार्बनवरची रिॲक्शनसुद्धा साध्या बेंझीनपेक्षा कितीतरी हळू होते. "मेटा डायरेक्टिंग ग्रुप मेटाला ॲक्टिव्हेट करतो" असं लिहिलेल्या उत्तरपत्रिका मी दरवर्षी बघतो, आणि क्लोरीन न समजण्याचं मूळही याच गैरसमजात आहे, त्यावर खाली येतोच.

मग तू विचारशील की सगळंच NH3+ झालं असेल तर ५१% पॅरा कसं आलं, ते तर अर्ध्याहून जास्त आहे. वर्गात याचं उत्तर देतात ते असं की ॲनिलीन आणि ॲनिलिनियम यांच्यात इक्विलिब्रियम असतो, मोकळं ॲनिलीन नावापुरतंच उरतं पण ते प्रचंड रिॲक्टिव्ह असल्यामुळे तेवढ्यातून पॅरा बनतं. परीक्षेला हे लिहिलंस तर मार्क मिळतील आणि ॲसिड थोडं कमी तीव्र असेल तर त्यात तथ्यही आहे, पण पूर्ण गोष्ट तेवढी नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या रिड यांच्या ग्रुपने १९६० च्या दशकात यावर बारकाईने काम केलं, त्यांनी जवळपास ९८% सल्फ्युरिकमध्ये नायट्रेशन केलं, जिथे मोकळं ॲनिलीन जवळजवळ उरतच नाही, आणि तरीही साधारण ६२% मेटा आणि ३८% पॅरा मिळालं. मग त्यांनी नायट्रोजनवरचे तिन्ही हायड्रोजन काढून तिथे मिथिल असलेला आयन घेतला, ट्रायमिथिलॲनिलिनियम. त्याला सोडायला प्रोटॉनच नाही, म्हणजे मोकळा अमाइन व्हायचा प्रश्नच मिटला, तरी ११% च्या आसपास पॅरा आलंच. याचा अर्थ पॉझिटिव्ह नायट्रोजनवाली रिंग स्वतःच थोडं पॅरा देते, पॅराची जागा बंद नसते, फक्त अवघड असते. ऑर्थो मात्र पॉझिटिव्ह नायट्रोजनला अगदी खेटून आहे त्यामुळे तिथे सगळ्यात जास्त मार बसतो आणि म्हणून तुझ्या पुस्तकात ऑर्थो फक्त २% आहे. सगळं पॅरा जर मोकळ्या ॲनिलीनमधून येत असतं तर त्याच्या जोडीने ऑर्थोही बऱ्यापैकी दिसायला हवं होतं, नाही का. आकड्यांकडे असं बघायची सवय लाव.

आणि हो, पुस्तकातली ती टक्केवारी जी काही नायट्रोॲनिलीन हाताला लागली त्याच्यातली आहे. नायट्रिक ॲसिड हा जोरदार ऑक्सिडायझरही आहे आणि ॲनिलीन सहज ऑक्सिडाइझ होतं, त्यामुळे थेट नायट्रेशनमध्ये मालाचा एक भाग डांबरासारखा काळा होऊन जातो आणि ते काचेवरून निघता निघत नाही. ॲनिलीन आणि फ्युमिंग नायट्रिक तर एकमेकांना भेटताच पेट घेतात, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेच्या डब्ल्यूएसी कॉर्पोरल रॉकेटमध्ये ॲनिलीनचं मिश्रण आणि रेड फ्युमिंग नायट्रिक हीच जोडी इंधन म्हणून होती, ठिणगीची गरजच नाही. तेव्हा "बघू तरी काय होतं" म्हणून हे लॅबमध्ये करायचं नाही.

म्हणून तुमच्या प्रॅक्टिकलला ॲसेटॅनिलाइड देतात. ॲनिलीनला ॲसेटिक ॲनहायड्राइड लावला की नायट्रोजनवर CH3CO बसतो, आणि आता त्या लोन पेअरला दोन वाटेकरी झाले, एकीकडे रिंग आणि दुसरीकडे कार्बोनिल. त्यामुळे तीन गोष्टी एकदम होतात. नायट्रोजन फारसा बेस राहत नाही आणि प्रोटॉन लागलाच तर तो कार्बोनिलच्या ऑक्सिजनला लागतो, नायट्रोजनला नाही, म्हणजे NH3+ वाली भानगड टळते. रिंगला मिळणारे इलेक्ट्रॉन कमी झाले तरी शिल्लक राहतात, त्यामुळे ग्रुप मध्यम ॲक्टिव्हेटिंग आणि ऑर्थो-पॅराच राहतो. आणि ऑक्सिडेशनही आटोक्यात येतं. हाच फरक ब्रोमिनने फार छान दिसतो, ॲनिलीनमध्ये ब्रोमिन वॉटर टाकलं की कॅटॅलिस्ट वगैरे काही न लागता लगेच पांढरा साका बसतो, तो २,४,६-ट्रायब्रोमोॲनिलीन असतो, तिन्ही जागा एका दमात भरल्या. ॲसेटॅनिलाइडला ॲसेटिक ॲसिडमध्ये ब्रोमिन दिला तर एकच ब्रोमिन बसतो आणि तोही मुख्यतः पॅराला.

प्रयोग नीट सांगतो, कारण डायरेक्टिंग इफेक्ट खरा तिथेच कळतो. ५ ग्रॅम कोरडं, बारीक केलेलं ॲसेटॅनिलाइड ५ मिली ग्लेशियल ॲसेटिकमध्ये ढवळायचं, मग १० मिली कन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक हळूहळू घालायचं, ते गरम होतं आणि सगळं विरघळून घट्टसर स्वच्छ द्रावण होतं. बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात ते ०-२ अंशांपर्यंत गार करायचं. दुसरीकडे ३ मिली कन्सन्ट्रेटेड नायट्रिक आणि २ मिली सल्फ्युरिक असं मिक्स्ड ॲसिड गार करून ठेवायचं आणि ते ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं, तापमान १० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. सगळं घालून झालं की बर्फातून काढून तासभर बाहेर ठेवायचं आणि मग साधारण ५० ग्रॅम बर्फाच्या चुऱ्यावर ओतायचं. पंधरा मिनिटं थांबायचं, ब्युखनरवर गाळायचं, आणि गार पाण्याने इतकं धुवायचं की खालच्या पाण्यात लिटमस लाल होत नाही.

हाताला येणारं क्रूड पिवळसर असतं. तो पिवळेपणा ऑर्थोचा आहे, पॅरा-नायट्रोॲसेटॅनिलाइड शुद्ध असलं तर जवळपास रंगहीन. अल्कोहोलमधून रिक्रिस्टलाइझ केलं की ऑर्थो अल्कोहोलमध्ये राहतं आणि पॅरा खाली बसतं. मेल्टिंग पॉइंट २१४ ते २१६ अंशांच्या आसपास यायला हवा, ऑर्थोचा फक्त ९४ च्या आसपास आहे, म्हणून थोडं ऑर्थो राहिलं तरी पॉइंट खाली घसरतो आणि एकदम वितळण्याऐवजी बराच वेळ लोळत बसतो. थिअरीने ५ ग्रॅमला साडेसहा ग्रॅमच्या थोडं वर माल निघायला हवा, हातात शुद्ध ४ ग्रॅम आला तर नीट झालं समजायचं.

बिघडतं कुठे ते सांगतो. पोरं वेळ वाचवायला ॲसिड भसकन ओततात, द्रावण घट्ट असल्यामुळे ते वरच तरंगतं, थर्मामीटर खाली ५ दाखवत असतो आणि वरचा थर मात्र तापलेला असतो. तिथे दोन गोष्टी होतात, एक म्हणजे दुसरा नायट्रो बसून २,४-डायनायट्रो तयार होतं, आणि दुसरं म्हणजे अमाइड तुटायला लागतं. अमाइड तुटलं की परत अमाइन, परत NH3+, म्हणजे जो मेटा आणि डांबर टाळायला एवढा खटाटोप केला तो मागच्या दाराने आत आला. क्रूड तपकिरी दिसलं तर हेच झालंय असं समज. त्यामुळे ढवळत राहणं हे इथे तापमानाइतकंच महत्त्वाचं आहे. बर्फावर ओतल्यावर माल ॲसिडमध्ये उगाच तासन् तास ठेवायचा नाही, तेही याच कारणासाठी.

एक गंमत अशी की हेच नायट्रेशन सल्फ्युरिकऐवजी ॲसेटिक ॲनहायड्राइडमध्ये केलं तर ऑर्थोचं प्रमाण एकदम वाढतं, पॅरापेक्षाही जास्त होतं. ग्रुप तोच, रिंग तीच, तरी वाटणी बदलली. म्हणजे "ऑर्थो-पॅरा डायरेक्टिंग" एवढं माहीत असून ऑर्थो किती आणि पॅरा किती हे सांगता येत नाही, ते रिएजंट, सॉल्व्हंट, ग्रुपचा आकार यावर ठरतं. "ऑर्थोला गर्दी होते म्हणून पॅरा जास्त" हे वाक्य बहुतेक वेळा चालतं, पण टोल्यूइनच्या नायट्रेशनमध्ये साधारण ६०% ऑर्थो येतं हेही लक्षात ठेव.

पुढची पायरी तर मला सगळ्यात आवडते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे डोळ्यांनी दिसतं. पॅरा-नायट्रोॲसेटॅनिलाइड ३ ग्रॅम घेऊन १५ मिली ७०% सल्फ्युरिकबरोबर वीस-तीस मिनिटं रिफ्लक्स करायचं, ॲसिटाइल निघून जातो. ते गार पाण्यात ओतलं की द्रावण फिकट, जेमतेम पिवळसर दिसतं आणि पोरं घाबरून विचारतात की सर माल कुठे गेला. माल तिथेच आहे, NH3+ होऊन विरघळलाय. आता त्यात गार ठेवून सोडियम हायड्रॉक्साइड घालत जायचं, ॲसिड संपलं की एका क्षणी पिवळाधमक पॅरा-नायट्रोॲनिलीन खाली बसतो. हा पिवळा रंग कशाचा, तर नायट्रोजनची लोन पेअर रिंगमधून थेट पलीकडच्या नायट्रोपर्यंत सरकते त्याचा. ॲसिडमध्ये ती लोन पेअर प्रोटॉनला बांधलेली होती म्हणून रंग नव्हता. नायट्रेशनच्या वेळी जी लोन पेअर गायब झाल्यामुळे ॲनिलीन मेटा देतं, तीच इथे गायब होताना आणि परत येताना दिसते. ॲसिडचे चार थेंब टाकून रंग घालवायचा, बेस टाकून परत आणायचा, एकदा करून बघ म्हणजे NH2 आणि NH3+ मध्ये गोंधळ कधी होणार नाही. मेल्टिंग पॉइंट १४८ च्या आसपास. शंका असेल तर टीएलसी लाव, ऑर्थो-नायट्रोॲनिलीन प्लेटवर वर पळतं कारण त्याचा NH2 शेजारच्या नायट्रोशी घरातल्या घरातच हायड्रोजन बॉण्ड करतो, पॅराला ती सोय नाही म्हणून ते सिलिकाला चिकटून खाली राहतं.

आता क्लोरीन. तुझा गोंधळ यामुळे होतोय की तू दोन वेगळे प्रश्न एकत्र करतोयस. ॲक्टिव्हेटिंग-डिॲक्टिव्हेटिंग म्हणजे बेंझीनशी तुलना, आणि डायरेक्टिंग म्हणजे त्याच रिंगमधल्या जागांची आपसातली तुलना. आकडेमोड करून बघू. क्लोरोबेंझीनचं नायट्रेशन बेंझीनच्या ०.०३३ पट वेगाने होतं, म्हणजे तीसपट हळू. बेंझीनच्या सहा जागा, प्रत्येकीचा वेग १ धर, एकूण ६. मग क्लोरोबेंझीनचा एकूण वेग ६ गुणिले ०.०३३ म्हणजे साधारण ०.२. प्रॉडक्टमध्ये पॅरा ६९%, ऑर्थो ३०% आणि मेटा १% च्या आसपास असं धरलं तर पॅराची जागा एकच, तिच्या वाट्याला आलं ०.१४. ऑर्थोच्या दोन जागा, प्रत्येकी ०.०३. मेटाच्याही दोन, प्रत्येकी ०.००१. बघ, एकही आकडा १ च्या वर नाही. म्हणजे क्लोरीनने सगळ्याच जागा बिघडवल्या, पॅरा सातपट, ऑर्थो तीस-पस्तीसपट आणि मेटा हजारपट. सगळ्यात कमी बिघडली ती पॅरा, म्हणून माल तिथे. हेच टोल्यूइनला करून बघ, वेग २५ पट, ऑर्थो ६०%, मेटा ३%, पॅरा ३७%. पॅरा येतं ५५, ऑर्थो ४५ आणि मेटा २ च्या थोडं वर, म्हणजे तिथे मेटासुद्धा बेंझीनपेक्षा चांगली आहे पण इतर दोघींपुढे तिचं काही चालत नाही.

कारण असं की क्लोरीन सिग्मा बॉण्डमधून सगळ्या रिंगचे इलेक्ट्रॉन ओढतो, त्यातून कुणीच सुटत नाही. पण ऑर्थो-पॅराला NO2+ चिकटला की चार्ज क्लोरीनच्या कार्बनवर येतो आणि तिथे क्लोरीन नाइलाजाने का होईना लोन पेअर देऊन थोडं सावरतो. मेटाला ही मदत पोचत नाही. नायट्रोजनची लोन पेअर रिंगशी नीट जुळते, क्लोरीनची जरा मोठ्या ऑर्बिटलमधली असल्यामुळे तितकी जुळत नाही, म्हणून क्लोरीनची मदत ओढण्याची भरपाई करू शकत नाही. NH2 मध्ये देणं जिंकतं, क्लोरीनमध्ये ओढणं जिंकतं, आणि जागा मात्र दोन्हीकडे देणंच ठरवतं.

इंडस्ट्रीत मोठ्या प्रमाणावर पॅरा-नायट्रोॲनिलीन बनवतात तेव्हा ॲसेटॅनिलाइडच्या वाटेला सहसा जात नाहीत, आधी ॲसिटाइल लावा, मग काढा, त्याचं ॲसेटिक सांभाळा, हे परवडत नाही. क्लोरोबेंझीनचं नायट्रेशन करतात, पॅरा आणि ऑर्थो क्रिस्टलायझेशन आणि डिस्टिलेशनने वेगळे करतात, तो पॅरा म्हणजे कारखान्यातल्या लोकांचा पीएनसीबी, आणि त्याच्यावर दाबाखाली, दीडशे अंशांच्या वर अमोनिया घालून क्लोरीनच्या जागी NH2 आणतात. इथे गंमत बघ, जो नायट्रो इलेक्ट्रोफाइलसाठी रिंग मारून टाकतो तोच अमोनियासारख्या न्यूक्लिओफाइलसाठी रिंग तयार करतो, साध्या क्लोरोबेंझीनवर अमोनिया इतक्या सहज बसत नाही. आणि कुणाला मेटा-नायट्रोॲनिलीन हवं असेल तर तेही ॲनिलीनच्या नायट्रेशनमधून ४७% वेचत बसत नाहीत. नायट्रोबेंझीनचं आणखी एकदा नायट्रेशन, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर मेटा-डायनायट्रोबेंझीन येतं, आणि मग सोडियम सल्फाइडने दोनातला एकच नायट्रो रिड्यूस करायचा. टिन आणि हायड्रोक्लोरिक वापरलंस तर दोन्ही जातील.

फ्रीडेल-क्राफ्ट्सलाही हाच घोळ होतो, तिथे प्रोटॉनऐवजी AlCl3 लोन पेअर धरून बसतो आणि ॲनिलीनची रिंग मेल्यासारखी होते, म्हणून "ॲनिलीन ॲक्टिव्हेटेड आहे तर ॲसिलेशन जोरात होईल" असं लिहू नकोस.

पेपरला ४७% मेटाचा प्रश्न आला तर पहिल्या ओळीत ॲनिलीन अधिक H+ देऊन ॲनिलिनियम हे समीकरण लिही, मग पॅरा आणि मेटा हल्ल्याचे एरेनियम आयन शेजारी शेजारी काढून पॅरामधला पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह लागलेला स्ट्रक्चर गोल करून दाखव, आणि पॅरासाठी इक्विलिब्रियममधलं मोकळं ॲनिलीन लिही. रिड यांचं काम लिहायचं असेल तर दोन ओळींत लिही, तपासणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.